राखीव माल कुठे ठेवायचा? इंदूरचं गोदाम, चार डेपो आणि एक पंप

देवास नाक्याच्या गोदामात मी पहिल्यांदा राखीव मालाचा हिशोब मांडला, तेव्हा दीड हॉर्सपॉवरच्या एकाच मोनोब्लॉक पंपाचे २२८ नग 'अडीअडचणीसाठी' म्हणून निघाले. ७३ इंदूरच्या मुख्य गोदामात आणि १५५ चार डेपोंत मिळून. गंमत म्हणजे कुणीच चुकलेलं नव्हतं. गोदामवाल्यानं त्याचा हिशोब बरोबर केला होता, डेपोवाल्यांनीही त्यांचा बरोबर केला होता. पण एकाच काळजीपोटी माल दोनदा ठेवला गेला होता. नव्यानं या कामावर येणाऱ्याला मी म्हणूनच आधी हाच पंप दाखवतो.

खालचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. प्रमाण मात्र खऱ्यासारखंच आहे.

आधी चित्र काढा

पंप कोईम्बतूरच्या कारखान्यातून इंदूरला येतात. इंदूरहून भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर आणि सागरच्या डेपोंना जातात. ग्राहक, म्हणजे तालुक्यातला डीलर, डेपोतूनच उचलतो. इंदूरच्या गोदामातून कुणीही थेट माल घेत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आठवड्याची सरासरी विक्री भोपाळ ४२, ग्वाल्हेर ३५, जबलपूर २७ आणि सागर १६, म्हणजे एकूण १२० नग. गोदाम कारखान्याला दर सोमवारी ऑर्डर देतं आणि माल पोचायला तीन आठवडे लागतात. ऑर्डर देऊन झाल्यावर मंगळवारी मागणी वाढली, तर पुढचा सोमवार येईपर्यंत काही करता येत नाही. म्हणून तो एक आठवडाही धरायचा. गोदामाचा खरा लीड टाइम झाला चार आठवडे. डेपो आठवड्यातून दोनदा मालाची मागणी, म्हणजे इंडेंट, पाठवतात. जास्तीत जास्त चार दिवस पुढच्या इंडेंटची वाट आणि तीन दिवस गाडी भरणं, रस्ता, उतरवणं. हा झाला एक आठवडा.

नवीन माणूस इथेच पहिली चूक करतो. तो बिल्टीवरची तारीख बघून 'ग्वाल्हेरला दोन दिवस लागतात' असं लिहितो. दोन दिवस ट्रकला लागतात. डेपोला लागतो एक आठवडा.

चढउतार मोजा, पण विक्रीचा नाही

राखीव साठा सरासरी विक्रीसाठी नसतो, अंदाज चुकला तर सावरायला असतो. म्हणून विक्री किती वरखाली होते ते न मोजता अंदाज आणि प्रत्यक्ष मागणी यांत दर आठवड्याला किती फरक पडला ते मोजायचं. रब्बीच्या पेरणीला ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंप जास्त जाणार हे मध्य प्रदेशात कुणालाही ठाऊक आहे. ती वाढ अंदाजात आली असेल, तर तिच्यासाठी राखीव माल लागत नाही. ती अंदाजात आणली नाही आणि थेट विक्रीचा चढउतार मोजला, तर साठा विनाकारण फुगतो.

एक्सेलमध्ये प्रत्येक डेपोला एक रकाना करा आणि त्यात किमान वर्षभराच्या दर आठवड्याचा हा फरक भरा. रकान्याखाली स्टँडर्ड डेव्हिएशन काढा, पुढे चढउतार म्हणतो तो हाच:

```
=STDEV.S(B2:B53)
```

आमच्या पंपाला भोपाळ १५, ग्वाल्हेर १२, जबलपूर ९ आणि सागर ६ असे आकडे आले. यांची बेरीज ४२.

आता इंदूरसाठी काय धरायचं? ४२ नाही. एका आठवड्यात भोपाळला मागणी वाढते तेव्हा सागरला ती घटलेली असू शकते. गोदामाला दिसते ती चौघांची एकत्र मागणी आणि ती तुलनेनं शांत असते. चारही डेपोंच्या चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या असतील, तर प्रत्येकीचा वर्ग करून बेरीज घ्यायची आणि वर्गमूळ काढायचं: २२५ + १४४ + ८१ + ३६ = ४८६, वर्गमूळ २२. माझा सल्ला असा की या सूत्रावर विसंबू नका. दर आठवड्याच्या चारही चुकांची बेरीज पाचव्या रकान्यात घाला आणि त्याच रकान्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढा. डेपोंचं आपसातलं नातं त्यात आपोआप येतं. आमच्याकडे साधारण २२ च आलं. तुमच्याकडे ३५ आलं तर गोष्ट बदलते. त्याकडे पुढे येऊच.

एक सूचना. आकडे बिलांवरून घेतलेत, तर माल नसताना परत गेलेला डीलर त्यांत दिसत नाही. सागरच्या विक्रीच्या आकड्यांत एका महिन्यात सलग तीन शून्यं दिसली होती. मागणी नव्हती म्हणून नव्हे, पंपच नव्हते म्हणून. असे आठवडे गाळा किंवा डेपोला विचारून दुरुस्त करा.

२२८ कुठून आले

शंभरातले पंच्याण्णव वेळा माल हजर हवा, तर गुणक १.६५ धरतात. राखीव साठा म्हणजे १.६५ गुणिले चढउतार गुणिले लीड टाइमचं वर्गमूळ.

गोदामवाल्यानं केलं: १.६५ × २२ × √४ = ७३. बरोबर.

डेपोवाल्यांनी मात्र इंदूरला माल असेल असं धरलंच नाही. त्यांच्या हिशोबात पंप कोईम्बतूरहूनच यायचा. म्हणून चार अधिक एक, पाच आठवडे: १.६५ × ४२ × √५ = १५५. हेही बरोबर, पण इंदूरचं गोदाम रिकामं असतं तर. ते रिकामं नव्हतं. ७३ नग तिथे बसले होते, तेही याच पाचांतल्या चार आठवड्यांची काळजी वाहत. नगाला साडेसहा हजार धरा. दोन बरोबर हिशोबांची मिळून झालेली ही चूक काही लाखांची होती.

गोदामानं डेपोला काय शब्द द्यायचा

दुहेरी साठा टाळायचा, तर आधी एक गोष्ट ठरवावी लागते. इंडेंट आल्यावर माल किती दिवसांत निघेल, याचा गोदाम डेपोला कोणता शब्द देणार? 'लगेच' म्हटलं, तर चार आठवड्यांचा धोका गोदामाच्या डोक्यावर आणि डेपोकडे फक्त एक आठवडा. 'कारखान्याकडून येईल तेव्हा, चार आठवड्यांत' म्हटलं, तर गोदामात राखीव शून्य आणि डेपोला पाच आठवडे. मधलेही शब्द देता येतात. आमच्या पंपाचं गणित असं येतं:

| गोदामाचा शब्द | गोदामात राखीव | डेपोंत राखीव | एकूण |
|---|---|---|---|
| लगेच | ७३ | ६९ | १४२ |
| १ आठवडा | ६३ | ९८ | १६१ |
| २ आठवडे | ५१ | १२० | १७१ |
| ३ आठवडे | ३६ | १३९ | १७५ |
| ४ आठवडे | ० | १५५ | १५५ |

मधल्या ओळी बघा. मनाला वाटतं, थोडं इथे थोडं तिथे असा मध्यममार्ग स्वस्त पडेल. पण तोच सगळ्यांत महाग पडतो. वर्गमूळ सुरुवातीला झपाट्यानं वाढतं आणि मग मंदावतं. त्यामुळे आधीच चार आठवडे सोसणाऱ्याला पाचवा आठवडा स्वस्तात पडतो, पण शून्यावर असलेल्याचा पहिलाच आठवडा महाग जातो. धोका वाटून घेण्यापेक्षा एकानंच घ्यावा. केनेथ सिम्पसन यांनी १९५८ सालीच हे दाखवलं होतं: एकापाठोपाठ एक टप्पे असतील तेव्हा प्रत्येक टप्प्यानं एकतर पूर्ण राखीव ठेवावा किंवा अजिबात ठेवू नये.

म्हणजे 'लगेच' जिंकलं, २२८ चे १४२ झाले. पण विजय किती बारीक आहे तेही पाहा. १४२ आणि १५५ यांत फरक तेराचा आहे, आणि तोही गोदामाचा चढउतार २२ होता म्हणून. तो २६ असता, तर दोन्ही टोकं सारखी आली असती. २६ च्या वर गेला, तर 'चार आठवडे' जिंकतं. चारही डेपोंच्या चुका अगदी एकत्र वरखाली होत असत्या, तर तो ४२ झाला असता आणि 'लगेच'ची किंमत २०८ नग!

पंपांत हे मुळीच अशक्य नाही. पाऊस लवकर परतला, की चारही जिल्ह्यांचे शेतकरी एकाच पंधरवड्यात पंपाच्या दुकानात येतात. तुमच्या अंदाजात पाऊस नसेल, तर ती चूक चारही रकान्यांत एकाच दिशेनं पडते. पाचवा रकाना घाला म्हणालो ते म्हणूनच. एकत्र ठेवल्यानं माल कमी लागतो, हे एकमेकींशी संबंध नसलेल्या चुकांच्या बाबतीत खरं आहे. एकाच पावसानं झालेल्या चुकांना ते लागू नाही.

गोदामाला पंच्याण्णव टक्के का हवेत?

बहुतेक लोक १४२ वर थांबतात. मीही बरीच वर्षं थांबलो होतो. पण तक्त्यात एक गृहीत चोरून शिरलं आहे: गोदामाचा शब्द मोडता कामा नये. म्हणून डेपोला लावलेले पंच्याण्णव टक्के आपण गोदामालाही लावून टाकले. मात्र सुरुवातीचं वाक्य आठवा. इंदूरहून कुणी माल घेत नाही. इंदूरचं गोदाम एक दिवस रिकामं राहिलं, तर डीलरला ते कळतही नाही. डेपोची गाडी एक दिवस उशिरा निघते, बस.

तेव्हा खरा प्रश्न असा विचारायचा: गोदामात अमुक इतका राखीव ठेवला, तर डेपोचा इंडेंट सरासरी किती दिवस अडकून पडेल?

हे काढणं अवघड नाही. गोदामाचा चार आठवड्यांचा चढउतार २२ × √४ = ४४. राखीव अजिबात ठेवला नाही, म्हणजे फक्त सरासरीपुरतीच ऑर्डर दिली, तर काही वेळा माल उरेल आणि काही वेळा कमी पडेल. कमी पडलेल्या मालाची सरासरी ४४ च्या ०.४ पट येते, म्हणजे सुमारे १८ नग. आठवड्याला १२० नग जातात आणि सरासरी १८ अडकलेले असतात, तर प्रत्येक नग अडकतो १८ भागिले १२० आठवडे. म्हणजे एक दिवस.

एकच दिवस! राखीव शून्य असताना. चार आठवडे नाही, दोन नाही, एक दिवस. पहिल्यांदा हा आकडा आला तेव्हा मी सूत्र चुकलं असं समजून पुन्हा मोजला होता.

राखीव थोडा वाढवला तर किती फरक पडतो, हे बघायला ०.४ च्या जागी येणारा गुणक असा काढा. A2 मध्ये राखीव साठा भागिले ४४ घाला:

```
=NORM.S.DIST(A2,FALSE)-A2*(1-NORM.S.DIST(A2,TRUE))
```

२२ नग ठेवले, तर वाट अर्ध्या दिवसावर येते. ४४ ठेवले, तर सुमारे पाच तासांवर. पूर्ण ७३ ठेवले, तर तासाभराच्या आसपास. ट्रक तसाही संध्याकाळीच निघतो, मग हे शेवटचे नग नेमकं काय विकत घेतात ते तुम्हीच ठरवा.

हा विचारही जुना आहे. क्रेग शेरब्रुक यांनी १९६८ साली अमेरिकी हवाई दलाच्या विमानांच्या सुट्या भागांसाठी तो मांडला. इंग्रजी वाचायला घ्याल तर सावध राहा. त्यांच्या भाषेत 'डेपो' म्हणजे वरचं मध्यवर्ती ठाणं, आणि आपल्या डेपोला ते 'बेस' म्हणतात. मी पहिल्या वाचनात सगळं उलटं समजलो होतो.

डेपोचा नवा आकडा

गोदामानं राखीव शून्य केला, तर डेपोला थोडा वाढवावा लागेल. किती, ते भोपाळवर करून बघू.

गोदामात सरासरी १८ नग अडकतात. भोपाळचा विक्रीत वाटा ३५ टक्के, म्हणून त्यांतले ६ भोपाळचे. हे ६ तर धरायचेच. शिवाय ती सरासरी आहे. प्रत्यक्षात कधी काहीच अडकत नाही, कधी पन्नास अडकतात. या अडकण्याचा चढउतार ४४ च्या ०.५८ पट, म्हणजे २६ च्या आसपास येतो. त्याचे ३५ टक्के ९. भोपाळची स्वतःची आठवड्याची चूक १५ होती. दोन्हींचे वर्ग मिळवा: २२५ + ८१ = ३०६, वर्गमूळ साडेसतरा. १.६५ नं गुणा, २९. त्यात वरचे ६ मिळवा. भोपाळला ३५ नग हवेत.

गोदाम भरलेलं असतं तर २५ पुरले असते, आणि पाच आठवड्यांच्या जुन्या हिशोबानं भोपाळकडे ५५ होते. याच रीतीनं ग्वाल्हेरला २९, जबलपूरला २२ आणि सागरला १४ येतात. एकूण १००. गोदामात शून्य.

२२८, मग १४२, मग १००. ग्राहकाला मिळणारी सेवा तिन्ही वेळा साधारण पंच्याण्णव टक्के तरी. गोदामात २२ ठेवून हिशोब पुन्हा केला, तर एकूण १०७ येतात. उलट गोदामाला सरासरीपेक्षाही २२ नी खाली नेलं, तर ९७. म्हणजे या भागात तळ सपाट आहे, पाच-सात नगांसाठी डोकं फोडण्यात अर्थ नाही. तुम्हाला मी २२ वाला पर्याय सुचवीन. कारण अडकलेल्या मालाचा आकडा घंटेच्या आकाराचा नसतो, एका बाजूला लांब शेपूट असते, आणि वरचं गणित त्या शेपटीला थोडं कमी लेखतं. सात जास्तीचे नग मला महाग वाटत नाहीत.

सिस्टिममध्ये काय भरायचं

राखीव शून्य म्हणजे गोदाम रिकामं नव्हे. गोदामाची पातळी चार आठवड्यांची विक्री, म्हणजे ४८०. २२ वाला पर्याय घेतला, तर ५०२. पण ही पातळी रॅकवरच्या मालाची नाही. हातातला माल, अधिक वाटेवरचा, वजा डेपोंचे अडकलेले इंडेंट, अशी बेरीज दर सोमवारी करायची आणि ती ४८० होईल इतकी ऑर्डर टाकायची. काही सॉफ्टवेअरमध्ये 'मिनिमम' ची तुलना फक्त हातातल्या मालाशी होते. तिथे ४८० भरलंत, तर महिन्याभरात गोदाम पंपांनी ओसंडून वाहील. भरण्याआधी एका वस्तूवर तपासून घ्या.

डेपोचंही तसंच. भोपाळची पातळी ४२ अधिक ३५, म्हणजे ७७. तीत ट्रकमधला आणि इंदूरला अडकलेला माल दोन्ही मोजायचे. अडकलेला इंडेंट मोजला नाही, तर डेपो तोच माल पुन्हा मागतो. गोदामाला वाटतं मागणी वाढली, आणि कोईम्बतूरला खोटी ऑर्डर जाते.

हे ३५ गोदामात शून्य असतानाचे आहेत. २२ ठेवणार असाल, तर भोपाळला ३० पुरतात. दोन्ही ठिकाणी जास्तीचाच आकडा उचललात, तर पुन्हा आपण २२८ च्याच रस्त्याला लागलो.

कारखान्याकडून तुम्ही पूर्ण ट्रक मागवत असाल, तर आणखी एक चांगली बातमी आहे. मोठ्या ऑर्डरचा माल कित्येक दिवस रॅकवर राहतो, तोच आपोआप ढाल होतो आणि इंडेंट अडकण्याची वेळ कमी येते. तिथे वेगळा राखीव आणखी कमी लागतो.

कुठे बिघडतं

कारखान्याचा उशीर सगळ्यांत मोठा. वर आपण चार आठवडे म्हणजे चारच धरले. त्यात अर्ध्या आठवड्याचा चढउतार असेल, तर आठवड्याला १२० नगांच्या हिशोबानं त्याचेच ६० नग होतात. ६० चा वर्ग ३,६००, आणि मागणीच्या ४४ चा वर्ग १,९३६. बेरजेचं वर्गमूळ ७४. म्हणजे मागणीपेक्षा कारखान्याचा लहरीपणा जास्त महाग पडतो. अडकण्याची वाट एका दिवसावरून पावणेदोन दिवसांवर जाते. हा ४४ चा आकडा तुमच्या स्वतःच्या पावत्यांवरून दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरं, टंचाईत वाटप. माल कमी असताना 'आधी इंडेंट, आधी माल' हा नियम ठेवला, तर जो लवकर आणि मोठा इंडेंट टाकतो तो सगळं नेतो. मग सगळेच मोठे इंडेंट टाकायला शिकतात. त्याऐवजी प्रत्येक डेपोकडे किती दिवसांचा माल उरला आहे ते बघा आणि सगळ्यांचे दिवस सारखे होतील असं वाटा. वरचं गणितही वाटप साधारण विक्रीच्या प्रमाणात होतंय असं धरूनच केलेलं आहे.

तिसरं, गाडी. ग्वाल्हेरच्या डेपोचे काका ४४ वरून २९ वर यायला तयारच नव्हते. मी तक्ता पाठवला, फोन केला. ते म्हणाले, "तुझ्या तक्त्यावर माझा विश्वास आहे रे, सोमवारच्या गाडीवर नाही." मी गेटचं रजिस्टर काढून बघितलं. ग्वाल्हेरची सोमवारची गाडी भरली नाही, की आमचेच लोक ती गुरुवारपर्यंत थांबवत होते, भाडं वाचवायला. कागदावर आठवड्याला दोन गाड्या, प्रत्यक्षात बरेचदा एक. त्यांचा लीड टाइम सात दिवसांचा नव्हता, दहा दिवसांचा होता. त्यानं गणितात तीन-चारच नग वाढतात. पण ज्याची गाडी न सांगता थांबते, तो तीन-चार नगांवर समाधान मानत नाही, तो पाच आठवड्यांचा माल धरून बसतो. गाडी भरो न भरो, सोमवारी निघणार असं लेखी दिलं, तेव्हा काका २९ वर आले. अर्ध्या भरलेल्या गाडीचं भाडं त्या पंधरा पंपांच्या समोर मांडून बघा. आमच्याकडे ग्वाल्हेरची गाडी पंपांखेरीज इतर सत्तर-ऐंशी वस्तूही नेते, म्हणून परवडलं. तुमच्याकडे कदाचित नाही परवडणार.

चौथं थोडक्यात. दोन महिन्यांत एखादा नग जाणाऱ्या वस्तूला हे गणित लावू नका. तिथे चढउतार आणि वर्गमूळ यांना अर्थ राहत नाही. अशी वस्तू इंदूरला दोन-तीन नग ठेवावी आणि डीलरला आठवडाभरात मिळेल म्हणून सांगावं. तो सहसा थांबतो.

आणि बडोद्यासारखा परराज्यातला डेपो असेल, तर त्याला ग्वाल्हेर-जबलपूरच्या रांगेत धरू नका. राज्याबाहेर स्वतःच्याच डेपोला माल पाठवला तरी जीएसटीत तो करपात्र पुरवठा ठरतो. बिल करावं लागतं, कर भरावा लागतो, क्रेडिट मागाहून मिळतं. ऐन टंचाईत 'बडोद्याचे दहा नग इकडे वळव' इतकं ते सोपं राहत नाही.

बदल कधी आणि कसा करायचा

ऑगस्ट-सप्टेंबरात करू नका, समोर रब्बी असते. आम्ही जुलैत केला. आधी गाड्यांचे वार पक्के केले, मग डेपोंच्या पातळ्या दोन टप्प्यांत खाली आणल्या, आणि गोदामाला सगळ्यांत शेवटी हात लावला. माल परत आणायचा नसतो, इंडेंट आपोआप कमी होतात आणि जास्तीचा साठा विक्रीतच विरतो.

यात एक सापळा आहे आणि मी त्यात पडलो आहे. डेपोंनी १५५ वरून १०० वर येताना ५५ नग कमी मागवले. अंदाज इंडेंटवरून निघत होता, डीलरच्या विक्रीवरून नव्हे. सिस्टिमला वाटलं मागणी घसरली आणि तिनं कोईम्बतूरची ऑर्डरही कापली. चार आठवड्यांनी, ऑगस्टच्या मध्याला, इंडेंट अडकायला लागले, सरासरी तीन-साडेतीन दिवस. त्यानंतर गोदामाचा अंदाज डेपोच्या बिलांवरूनच काढायचा असं ठरलं, आणि प्रत्येक इंडेंटच्या ओळीसमोर दोन तारखा लिहायला घेतल्या: इंडेंट आल्याची आणि माल निघाल्याची. या दोन तारखांमधली सरासरी दर शनिवारी काढतो. हिशोबात एक दिवस धरला असताना ती महिनाभर दोनच्या वर राहिली, तर आधी कारखान्याच्या पावत्या तपासतो, मग पाचवा रकाना, आणि ग्वाल्हेरला फोन करून सोमवारची गाडी निघाली का तेवढं विचारतो.